कुंडीच्या तळाशी

सासूबाई कराडहून पुण्याला आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्या सामानात दोन पोती माती होती. कृष्णेच्या काठची, त्यांच्या स्वतःच्या वावरातली काळी माती. “बाकी काही नको, पण माती आपली असू दे,” असं त्या म्हणाल्या. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीत सहा कुंड्या मांडल्या, तळाला चार बोटं खडी घातली, वर ती माती भरली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटोची रोपं लावली. ऑगस्ट उजाडेपर्यंत सहाही रोपं गेली. दुपारी माना टाकायची, तेव्हा आम्ही पाणी घालायचो. मग संध्याकाळीही माना वर येईनाशा झाल्या. शेवटी एक कुंडी उपडी केली. वरची चार इंच माती ठीक होती. त्याखाली शेवाळी, गटारासारख्या वासाचा चिखल आणि त्यात तपकिरी, चिमटीत धरताच साल सुटून येणारी मुळं. खडी मात्र तळाशी स्वच्छ, जवळजवळ कोरडी होती.

सासूबाईंना त्याचं फार लागलं. ज्या मातीनं त्यांच्या घराला तीन पिढ्या पोसलं, ती वाईट कशी असेल? माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला तो इथून. माती उत्तम होती, रोपं निरोगी होती, पाणी वेळेवर होतं. मग चुकलं काय? पुढची तीन वर्षं मी बाल्कनीत जे मोजलं आणि त्या निमित्तानं जे वाचलं, त्याचा हा वृत्तांत आहे.

शेत आणि कुंडी

शेतातली माती ही एका खोल स्तंभाचा वरचा भाग असते. पाऊस पडला की पाणी खाली जातं, कारण खाली आणखी माती असते. ती खालची माती वरच्या मातीतलं पाणी ओढून घेते. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असले तरी शेतात तिला भेगा असतात, गांडुळांची बिळं असतात, जुन्या मुळांच्या वाटा असतात. तिथून हवा आत शिरते.

कुंडीत हा स्तंभ वीतभर खोलीवर तोडलेला असतो. खाली ओढणारं कुणी नाही. पाणी भोकापर्यंत पोचतं आणि तिथे थबकतं, कारण मातीच्या बारीक पोकळ्या त्याला केशाकर्षणानं धरून ठेवतात. म्हणून कुठल्याही कुंडीत, भोक कितीही मोठं असलं तरी, पाणी निथळून गेल्यावर तळाशी एक पूर्ण भिजलेला थर शिल्लक राहतो. त्या थरात हवा नसते. त्याची उंची कुंडीच्या उंचीवर अवलंबून नसते, मातीच्या कणांच्या जाडीवर असते. जाड कणांच्या मिश्रणात तो दोन-तीन बोटं असतो. निव्वळ काळ्या मातीत तो बारा इंची कुंडीच्या जवळजवळ काठापर्यंत पोचू शकतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर भांडी घासायचा आयताकृती स्पंज घ्यावा. तो पाण्यात पूर्ण भिजवून आडवा, सपाट धरावा. पाणी ठिबकायचं थांबलं की तोच स्पंज लांबीच्या बाजूवर उभा करावा. लगेच आणखी पाणी गळू लागतं. स्पंज तोच, पोकळ्या त्याच. उंची वाढली म्हणून वरचा भाग मोकळा झाला. यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते: मेथी-कोथिंबिरीसाठी आपण घेतो तो उथळ ट्रे त्याच मातीत खोल कुंडीपेक्षा प्रमाणानं जास्त ओला राहतो. पालेभाजीला मुळं थोडी म्हणून उथळ ट्रे चालतो हे खरं, पण त्यातलं मिश्रण अधिक भुसभुशीत असावं लागतं.

आणि खडीचं काय? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की तळाला खडी किंवा खापऱ्या घाला, म्हणजे निचरा होईल. बारीक मातीतून खडीत उतरायला पाणी नाखूश असतं, कारण मातीच्या पोकळ्या त्याला खडीच्या मोठ्या पोकळ्यांपेक्षा जास्त घट्ट धरतात. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते खाली उतरत नाही. म्हणजे तो हवा नसलेला थर नाहीसा होत नाही. खडीच्या उंचीइतका वर सरकतो, थेट मुळांपाशी. आमच्या कुंडीतली कोरडी खडी आणि तिच्यावरचा कुजका चिखल याचा अर्थ हाच होता. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून नायलॉनच्या जाळीचा तुकडा किंवा एक बाकदार खापरी पुरते. त्याहून जास्त काही घालू नये.

मातीत हवा किती, हे मोजणं

कुंडीत शेतातली माती तशीच भरून भागत नाही, हे व्यावसायिक माळ्यांना फार पूर्वी उमगलं होतं. पण प्रत्येकाची मिश्रणं वेगळी आणि गुप्त असत. १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या जॉन इन्स उद्यानविद्या संस्थेत लॉरेन्स आणि न्यूएल यांनी ती गुप्तता मोडली. ७ भाग पोयट्याची माती, ३ भाग पीट आणि २ भाग जाड वाळू, असं त्यांचं कुंड्यांसाठीचं मिश्रण होतं. आपल्याकडे पीट नाही, पोयटाही शहरात सहज मिळत नाही. पण त्या सूत्रातली विभागणी आजही उपयोगी पडते: एक घटक अन्नद्रव्यं धरणारा, एक पाणी धरणारा, एक हवा खेळती ठेवणारा.

मी शेवटी स्थिरावले ते मिश्रण चार समान भागांचं आहे, वजनानं नव्हे तर डब्यानं मोजलेलं. एक भाग माती, चाळून घेतलेली. एक भाग कोकोपीट. एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. आणि एक भाग जाड पदार्थ: विटांचा हरभऱ्यापासून शेंगदाण्याएवढा चुरा, त्यातली धूळ चाळून काढलेला. वीट मिळाली नाही तर भाताचं तूस चालतं, पण ते वर्षभरात कुजून बसतं. बारीक वाळू टाळावी. ती पोकळ्या उघडण्याऐवजी बुजवते.

कोकोपीटची एक खोड आहे. नारळाच्या सोडणांपासून ते बनतं आणि त्यात बरेचदा मीठ असतं. पाच किलोची वीट भिजवली की साधारण सत्तर लिटर होते. ती भिजवून, पाणी ओतून देऊन, पुन्हा भिजवून, असं दोन-तीनदा केल्याशिवाय वापरू नये. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये रोपाच्या पानांच्या कडा करपतात आणि आपण तो उन्हाचा दोष समजतो.

मिश्रण जमलं की नाही हे हातात चुरगाळून कळतं असं म्हणतात, पण माझा हात तितका जाणता नाही. मी पुढीलप्रमाणे मोजते. पाच लिटर माती मावेल असा, कुंडीएवढा खोल डबा घ्यावा. तेलाचा रिकामा कॅन तोंड कापून चालतो. तळाला चार भोकं पाडावीत. मिश्रण भरून, एकदोनदा आपटून, एकदा भिजवून बसू द्यावं आणि काठापर्यंत पुन्हा भरावं. मग तो डबा पाण्याच्या बादलीत हळूहळू उतरवावा, म्हणजे पाणी खालून वर चढतं आणि हवा वरून निघून जाते. पृष्ठभाग चमकू लागला की भोकं बोटांनी बंद करून डबा उचलावा, परातीवर धरावा, बोटं काढावीत आणि तासभर निथळू द्यावं. परातीत जितकं पाणी उतरलं, तितकी जागा आता हवेनं घेतली.

सासूबाईंच्या निव्वळ काळ्या मातीतून मला जेमतेम दीडशे मिलिलिटर पाणी मिळालं. पाच लिटरमध्ये दीडशे म्हणजे शंभरात तीन भाग हवा. चार भागांच्या मिश्रणातून आठशे मिलिलिटर मिळालं, म्हणजे शंभरात सोळा भाग. भाजीच्या कुंडीसाठी पंधरा ते वीस भाग हवा असावी. दहाच्या खाली आलं तर पावसाळ्यात मुळं गुदमरतात. पंचविसाच्या वर गेलं तर उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. कमी भरलं तर विटेचा चुरा वाढवावा, जास्त भरलं तर कोकोपीट.

तीन कुंड्यांचं वजन

आता कुंडी. माती, प्लॅस्टिक की सिमेंट, या वादात प्रत्येक बाजूकडे खरं उदाहरण असतं, कारण प्रत्येकजण वेगळ्या ऋतूत आणि वेगळ्या उन्हात प्रयोग करत असतो. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना आपल्याच वावरात मोजून, नोंदून पाहायची सवय लावली. बाल्कनीतही ते करता येतं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा आणि सुतळीची झोळी एवढं पुरतं.

मी तिन्ही प्रकारच्या बारा इंची कुंड्या घेतल्या. अशा कुंडीत सुमारे चौदा लिटर मिश्रण बसतं. तिन्हींत एकच मिश्रण भरलं, रोप लावलं नाही, पूर्ण भिजवलं, निथळू दिलं आणि चोवीस तासांनी पुन्हा तोललं. एप्रिलच्या अखेरीस मातीची कुंडी साडेआठशे ग्रॅमनं हलकी झाली, न रंगवलेली सिमेंटची चारशेनं, प्लॅस्टिकची अडीचशेनं. जुलैत, पावसाची झड लागणार नाही अशा कोपऱ्यात, हेच आकडे दोनशे, एकशेवीस आणि ऐंशी असे आले. हे माझ्या बाल्कनीचे आकडे. वारा आणि दिशा बदलली की तेही बदलतील. त्यांचा क्रम मात्र बदलायचा नाही, कारण प्लॅस्टिकमधून पाणी फक्त वरच्या तोंडातून उडतं आणि भाजलेल्या मातीतून सगळ्या भिंतीतून.

या फरकाचा व्यवहारातला अर्थ हिशेबानं पाहू. फळांवर आलेलं टोमॅटोचं झाड कडक उन्हात दिवसाला लिटरभर पाणी सहज पितं. चौदा लिटर मिश्रणात झाडाला सहज मिळणारं पाणी दोन लिटरच्या आसपास असतं. मातीच्या कुंडीत झाडाचं एक लिटर आणि भिंतीतून-तोंडातून उडणारं साडेआठशे मिलिलिटर मिळून तो साठा एका दिवसात संपतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये दोन वेळा पाणी घालावंच लागणार. सकाळी कामावर जाऊन रात्री परतणाऱ्या घरात हे जमत नाही. प्लॅस्टिकमध्ये तोच साठा दीड दिवसाहून थोडा जास्त टिकतो. उलट जुलैत मातीची कुंडी रोज थोडं पाणी भिंतीतून बाहेर टाकून मुळांना हवा देत राहते, आणि प्लॅस्टिकची कुंडी आठवडाभर चिंब बसते. आमची मेलेली सहाही झाडं प्लॅस्टिकमध्ये होती. काळी माती, खडी, प्लॅस्टिक आणि पाऊस, असे चारही दोष एकाच ठिकाणी जुळून आले होते.

मातीच्या भिंतीतून पाणी उडतं तेव्हा माठासारखीच ती थंड राहते. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता पश्चिमेकडच्या भिंतीलगत थर्मामीटर खुपसला, तर मातीच्या कुंडीत चौतीस अंश आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये चव्वेचाळीस अंश भरले. चाळिशीच्या पुढे कोवळी मुळं मरू लागतात. प्लॅस्टिकची कुंडी उन्हाळ्यानंतर उपडी केली की पश्चिमेच्या अंगाला पांढरी मुळं दिसत नाहीत, सगळी पूर्वेच्या अंगाला गोळा झालेली असतात. त्यावर उपाय सोपा आहे: काळ्याऐवजी पांढरी किंवा फिकी कुंडी घ्यावी, किंवा ओल्या पोत्यानं, जुन्या पांढऱ्या धोतरानं तिची उन्हाची बाजू झाकावी. मातीच्या कुंडीला मात्र बाहेरून ऑइलपेंट लावू नये. तिची सगळी छिद्रं बुजतात आणि ती महागडं, जड प्लॅस्टिक बनते. तिच्यावर उमटणारा पांढरा थर हा पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांचा असतो. तो ब्रशनं घासून काढावा, आणि फार दाटला तर कुंडीत भरपूर पाणी ओतून क्षार खालून वाहू द्यावेत.

सिमेंट आणि हळद

सिमेंटची कुंडी टिकाऊ, वाऱ्यानं न पडणारी आणि तापायला संथ. तिचे दोन तोटे आहेत. पहिला वजनाचा. रिकामी बारा इंची सिमेंटची कुंडीच बारा ते पंधरा किलो भरते. मातीची पाच-सहा आणि प्लॅस्टिकची अर्ध्या किलोच्या घरात. तीत चौदा लिटर ओली काळी माती भरली की एक कुंडी चाळीस किलोची होते. हलक्या मिश्रणात तीच तिशीत राहते. बाल्कनी बाहेर झुकलेली असते, तेव्हा जड कुंड्या कठड्याच्या कडेला रांगेनं न मांडता घराच्या भिंतीलगत ठेवाव्यात, आणि जुन्या इमारतीत तर सिमेंटच्या वाट्याला जाऊच नये.

दुसरा तोटा दिसत नाही. नव्या सिमेंटमधून चुना झिरपतो आणि मिश्रण अल्कधर्मी होतं. आपली काळी माती मुळातच त्या बाजूला झुकलेली. त्यात चुन्याची भर पडली की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. झाडाची नवी, शेंड्याची पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे नीट पाहावं, कारण नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. शेंड्याच्या पिवळेपणाला शेणखताचा आणखी डोस देऊन काही होत नाही.

हे टाळायची परीक्षा स्वयंपाकघरात आहे. नव्या सिमेंटच्या कुंडीचं भोक बुजवून ती काठोकाठ पाण्यानं भरावी आणि रात्रभर ठेवावी. पांढऱ्या कागदावर हळदीचं बोट फिरवून सुकवावं आणि त्यावर त्या पाण्याचा थेंब टाकावा. डाग तांबडा झाला तर चुना अजून निघतो आहे. कुंकू करताना हळदीत चुना घालतात तेव्हा होतो तोच हा बदल. पाणी दर एक-दोन दिवसांनी बदलत राहावं. माझ्या कुंडीला हळद पिवळीच राहायला तीन आठवडे लागले. तोवर तिच्यात भाजी लावू नये.

जोडी लावणं

एवढं मोजल्यावर मला कळलं की कुंडी आणि मिश्रण हे दोन वेगळे निर्णय घेताच येत नाहीत. कुंडी पाणी सोडणारी असेल तर मिश्रण पाणी धरणारं हवं, आणि कुंडी पाणी कोंडणारी असेल तर मिश्रण मोकळं. म्हणून मातीच्या कुंडीसाठी मी विटेचा चुरा अर्धा भाग करते आणि कोकोपीट दीड भाग. प्लॅस्टिकसाठी उलट: चुरा दीड भाग, माती अर्धा. सिमेंटला मूळचे चार समान भाग चालतात. त्यात शेणखत थोडं सढळ हातानं घातलं तर अल्कधर्मीपणा सौम्य व्हायला मदत होते.

आता आमच्याकडे पावसाळ्यातली वांगी आणि मिरच्या मातीच्या कुंड्यांत असतात, खालच्या ताटल्या काढून, दोन विटांवर उचललेल्या. उन्हाळ्यातला टोमॅटो पांढऱ्या प्लॅस्टिकच्या मोठ्या कुंड्यांत. सिमेंटच्या दोन कुंड्या घराच्या भिंतीशी; त्यांत वर्षानुवर्षं न हलवायचा कढीपत्ता आणि गवती चहा आहे. मेथी-कोथिंबिरीचा ट्रे प्लॅस्टिकचा, आणि त्यात सगळ्यांत जास्त चुरा.

हे मिश्रण एकदा भरलं की कायमचं झालं, असं होत नाही. खत कुजत जातं, कोकोपीट बारीक होतं, पोकळ्या बुजतात आणि वर्षभरात कुंडीतली पातळी तीन-चार बोटं खाली येते. तेव्हा वरून नुसतं खत टाकण्यापेक्षा दर मे महिन्यात मी कुंडी उपडी करते, जुनी मुळं काढते, चुरा चाळून परत घेते, नवं खत आणि कोकोपीट मिसळते आणि डब्याची परीक्षा पुन्हा करते. पहिल्या वर्षी सोळा भाग हवा असलेलं मिश्रण दुसऱ्या मेमध्ये नऊ भागांवर आलेलं होतं. पाऊस तोंडावर असताना हे कळणं फार मोलाचं ठरलं.

आणि झाड मान टाकतं तेव्हा? पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालावं. कोरडं लागलं तर पाणी. ओलं असूनही मान पडलेली असेल आणि संध्याकाळीही उठत नसेल, तर मुळं गुदमरताहेत. अशा वेळी आणखी पाणी म्हणजे आमच्या ऑगस्टची पुनरावृत्ती. सासूबाईंची पद्धत याहून सोपी आहे. त्या मातीच्या कुंडीवर टिचकी मारतात, बाजारात मडकं वाजवून घेतात तशी. आत ओल असेल तर आवाज दबका येतो, कोरडी असेल तर खणखणीत. मी काट्यावर ताडून पाहिलं. त्यांचा कान क्वचितच चुकतो. प्लॅस्टिकवर ही टिचकी चालत नाही, याबद्दल त्यांची तक्रार कायम आहे.

कराडच्या त्या दोन पोत्यांतलं अजून अर्धं पोतं शिल्लक आहे. दर कुंडीत थोडीथोडीच माती जाते, म्हणून ती पुरते. यंदा मिश्रण कालवताना त्यांनी विचारलं, “एवढीशीच घालतेस?” मी कारण सांगितलं, स्पंज उभा-आडवा करून दाखवला. त्यांनी तो स्वतः हातात घेऊन दोनदा करून पाहिला, परातीत गळलेलं पाणी पाहिलं, आणि म्हणाल्या, “म्हणजे मातीचं काही चुकलं नव्हतं. तिला जागा कमी पडली.”